दर शनिवारी रात्री बेबी मॉनिटरचा अलर्ट गप्प का होत होता

आम्ही सुवॉनला राहतो, सोलच्या दक्षिणेला. मुलगी पाच महिन्यांची आहे. तिच्या पाळण्यावर एक कोरियन कंपनीचा कॅमेरा लावलाय आणि त्याचं अ‍ॅप फक्त कोरियन भाषेत आहे. दीडेक महिना आमच्याकडे एकच तक्रार परत परत येत होती. आठवडाभर अ‍ॅप नीट चालायचं, रडली की फोन वाजायचा. रविवारी पहाटे मात्र ती रडून रडून लाल झालेली असायची आणि फोन शांत. त्याच रविवारची झोपेची नोंदही वेडीवाकडी असायची. दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं समजून मी वेगवेगळे उपाय करत बसले. शेवटी दोन्हींचं मूळ तिसऱ्याच ठिकाणी सापडलं, कॅमेरा शेअर करण्याच्या सेटिंगमध्ये. ज्यांच्या घरी असं अ‍ॅप आहे आणि आजी-आजोबा भारतात आहेत, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते. शब्द पडद्यावर दिसतात तसेच दिलेत, म्हणजे जुळवून बघता येतील.

आधी मी कुठे चुकले ते सांगते, कारण तिथेच बहुतेक जण अडकतात. अलर्ट येत नाही म्हटल्यावर मी सेटिंगमध्ये 알림 हा शब्द शोधला. त्याचा उच्चार साधारण ‘अल्लिम’, अर्थ सूचना. त्या पानावर खाली एक ओळ होती: 야간 알림 수신 동의 (21:00~08:00). मला 야간 म्हणजे ‘रात्रीचं’ एवढं येत होतं. रात्री नऊ ते सकाळी आठ, रात्रीची सूचना, आणि बटण बंद! सापडलं म्हणून मी खुशीत ते चालू केलं. त्या रात्री फोन वाजला खरा. डायपरवर सवलत असल्याची जाहिरात होती.

झालं असं की कोरियाच्या कायद्यात रात्री 9 ते सकाळी 8 या वेळेत जाहिरातीचा संदेश पाठवायचा असेल तर ग्राहकाची वेगळी संमती घ्यावी लागते. त्यामुळे इथल्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये हे ‘रात्रीचं’ बटण असतं आणि ते जाहिरातींचं असतं. आजूबाजूच्या ओळींत 혜택 म्हणजे फायदा-सवलत, 이벤트, 마케팅 किंवा 광고 म्हणजे जाहिरात, यातला एखादा शब्द दिसला की समजायचं, बाळाच्या रडण्याशी याचा काही संबंध नाही. ते खुशाल बंद ठेवा. आलेल्या सूचनेच्या सुरुवातीला (광고) असं छापलेलं असेल तर तीही जाहिरातच. ही खूण लावणं कायद्याने सक्तीचं आहे, म्हणून तिच्यावर विसंबता येतं.

खरे अलर्ट 감지 या शब्दाच्या आसपास असतात. 감지 म्हणजे सुगावा लागणं, टिपणं. आमच्याकडे 울음 감지 म्हणजे रडणं टिपणं, 움직임 감지 म्हणजे हालचाल टिपणं आणि 얼굴 가림 감지 म्हणजे चेहरा झाकला गेल्याचं टिपणं, अशी तीन बटणं आहेत. प्रत्येकाच्या आत 민감도 असतं, म्हणजे किती हळवेपणाने टिपायचं ते. 높음 जास्त, 보통 मध्यम, 낮음 कमी. त्याखाली 알림 간격 आहे, दोन सूचनांमधलं अंतर. आमचं 30분 वर होतं. म्हणजे एकदा वाजला की पुढचा अर्धा तास बाळ कितीही रडलं तरी फोन गप्प. मी ते 5분 केलं. शनिवारची अडचण त्याने सुटली नाही, पण तुमचं अ‍ॅप ‘कधी वाजतं, कधी नाही’ असं करत असेल तर पहिल्यांदा हेच बघा. तपासताना दुसऱ्या फोनवर रडण्याचा आवाज लावून कॅमेऱ्याजवळ धरतात ना, त्यातही हे अंतर आडवं येतं. पहिल्या वेळी वाजतो, लगेच दुसऱ्यांदा केलं की वाजत नाही, आणि आपण म्हणतो बिघडलं.

सूचना वाचण्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोरियन वाक्य आपल्या मराठीसारखंच, क्रियापद शेवटी आणि नकारही शेवटाकडे. 움직임이 감지되었습니다 म्हणजे हालचाल आढळली. 움직임이 감지되지 않습니다 म्हणजे हालचाल आढळत नाही. सुरुवात अक्षरन् अक्षर सारखी. आता लॉक स्क्रीनवर लांब सूचना शेवटी तीन टिंबं देऊन कापली जाते, आणि कापला जातो तो नेमका ‘नाही’. एकदा मी ‘हालचाल’ एवढं वाचून कूस बदलली असेल म्हणून झोपून गेले. सकाळी पाहिलं तर ती ‘हालचाल आढळत नाही’ची सूचना होती. पोरगी गाढ झोपली होती आणि पांघरूण सरकल्यामुळे कॅमेऱ्याला छातीची हालचाल दिसत नव्हती, तेव्हा निभावलं. पण तेव्हापासून मी सूचना खाली ओढून पूर्ण उघडते आणि शेवटून वाचते. 지 않 हे दोन तुकडे दिसले की उठायचं. 끊어졌 दिसलं की कॅमेऱ्याशी जोडणी तुटली आहे, बाळाचं काही नाही, राउटर बघायचा.

आता शनिवार. फोनच बॅटरी वाचवायला अ‍ॅप झोपवतो का, अशी शंका मलाही आली. अँड्रॉइडमध्ये हे फार होतं, विशेषतः जे अ‍ॅप आपण दिवसा उघडत नाही त्यांच्या बाबतीत. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन हे अ‍ॅप ‘कधीही झोपवू नये’ अशांच्या यादीत घातलं. करायलाच हवं होतं ते. तरी पुढचा शनिवार गेला तो गेलाच. मग नवरा म्हणाला, “बॅटरीला वार कळतात का गं?” मुद्दा बरोबर होता. फोनने झोपवलं असतं तर कुठल्याही रात्री झोपवलं असतं. फक्त शनिवारी रात्री बिघडतं म्हणजे शनिवारी रात्री कोणीतरी माणूस काहीतरी करतोय.

झोपेच्या नोंदीने तो माणूस पकडून दिला. हे पान 수면 기록, ‘सुम्यॉन गिरोक’. त्यात 총 수면 म्हणजे एकूण झोप, 밤잠 म्हणजे रात्रीची, 낮잠 म्हणजे दिवसाची आणि 깬 횟수 म्हणजे किती वेळा जाग आली ते. रोज मी साधारण पावणेनऊला तिला खाली ठेवते. त्या रविवारी सकाळी पान उघडलं तर 밤잠 समोर शून्य! आणि 낮잠 मध्ये एकच लांबलचक ओळ: 오후 5:20 ~ 오전 2:40. 오전 म्हणजे मध्यान्हापूर्वी, 오후 म्हणजे नंतर. (मध्यरात्रीनंतरचे साडेबारा 오전 12:30 असे दिसतात, दुपारचे समजू नका.) म्हणजे अ‍ॅपच्या मते पोरगी संध्याकाळी 5:20 ला झोपली आणि रात्री 2:40 ला उठली. खरं तर ती रात्री 8:50 ला झोपली होती आणि सकाळी 6:10 ला उठली.

दोन्ही वेळांतला फरक काढा. 8:50 आणि 5:20, साडेतीन तास. 6:10 आणि 2:40, पुन्हा साडेतीन तास. एकूण झोप दोन्हीकडे 9 तास 20 मिनिटं, तीही बरोबर. म्हणजे कॅमेऱ्याने झोप अचूक मोजली होती, फक्त घड्याळ दुसऱ्या देशाचं लावलं होतं. कोरिया आपल्या भारताच्या बरोबर साडेतीन तास पुढे आहे, आणि दोन्हीकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो. नोंद पाच-दहा मिनिटांनी किंवा मधूनच चुकली असती तर कॅमेऱ्याची दृष्टी, अंधार, पांघरूण असली कारणं शोधावी लागली असती. दोन्ही टोकं बरोब्बर साडेतीन तास सरकलेली म्हणजे भारतातला फोन. 밤잠 शून्य होण्याचं कोडंही तिथेच सुटतं. आमच्या अ‍ॅपमध्ये रात्र 오후 7:00 पासून धरली जाते. 5:20 ला सुरू झालेली झोप त्याच्या आधीची, म्हणून अख्खी रात्र ‘दिवसाची झोप’ ठरली.

खात्री करायची असेल तर त्या रात्रीचं साठवलेलं चित्रीकरण उघडा. चित्राच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याची स्वतःची वेळ उमटलेली असते. आमच्या चित्रात ती 20:50 होती, नोंदीत 오후 5:20. बिघाड कॅमेऱ्यात नाही, खात्यात आहे, हे तिथे पक्कं झालं.

आणि भारतातला फोन म्हणजे नाशिक. कॅमेरा लावला त्या आठवड्यात आईला नात दिसावी म्हणून मी माझाच आयडी आणि पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तिने तो डायरीत उतरवून ठेवला. एरवी तिला ते अ‍ॅप उघडता येत नाही. शनिवारी भाऊ घरी येतो, जेवणं झाली की नऊच्या सुमाराला तो तिला अ‍ॅप लावून देतो. नाशिकचे रात्रीचे नऊ म्हणजे आमचे साडेबारा. फोन केला तेव्हा आई म्हणाली, “अगं, दर वेळी ते बंदच पडलेलं असतं बाई, मग तो परत पासवर्ड टाकतो.”

ते बंद मीच पाडत होते. आमचं अ‍ॅप एका आयडीवर एकाच फोनला राहू देतं. भावाने नाशिकमध्ये आत शिरलं की सुवॉनचा माझा फोन आपोआप बाहेर. बाहेर पडलेल्या फोनला अलर्ट कुठून येणार? सकाळी साडेसहाला मी अ‍ॅप उघडायचे तेव्हा पडद्यावर असायचं: 다른 기기에서 로그인되어 로그아웃되었습니다. म्हणजे दुसऱ्या उपकरणावरून प्रवेश झाल्यामुळे तुम्हाला बाहेर काढलं आहे. इतकं स्वच्छ लिहिलेलं! पण अर्धवट झोपेत मी 확인, म्हणजे ठीक आहे, दाबायचे, फोन जपून ठेवलेला पासवर्ड आपणहून भरायचा आणि मी पुन्हा आत. तिकडे आईचा फोन बाहेर. पुढच्या शनिवारी परत तेच. खात्याची वेळही शेवटी शिरलेल्या फोनप्रमाणे लागायची. मुलगी 6:10 ला उठली तेव्हा खातं नाशिकच्या वेळेवर होतं, म्हणून ती रात्र भारतीय वेळेने नोंदली गेली. साडेसहाला मी शिरले की घड्याळ पुन्हा कोरियाचं, आणि सोमवारपासून सगळं सुरळीत.

दुरुस्ती अर्ध्या तासात झाली, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी पासवर्ड बदला, 비밀번호 변경. त्याच पानावर 모든 기기에서 로그아웃 असं मिळालं तर तेही दाबा, म्हणजे सगळे फोन एकदम बाहेर. मग 로그인 기기 ही यादी उघडून बघा की फक्त तुमचा फोन उरलाय. आमच्या यादीत आईचा फोन होता, शिवाय मावसबहिणीचा टॅबही होता. कधीतरी लग्नाला गेल्यावर आईने तिला डायरी दाखवली होती. यात कोणाचं वाईट मनात नव्हतं, पण आमची झोपायची खोली एका टॅबवर उघडी होती हे खरं. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस इथल्या पोलिसांनी घरांतले आणि दुकानांतले सुमारे 1 लाख 20 हजार इंटरनेट कॅमेरे फोडल्याच्या प्रकरणात चौघांना पकडल्याचं जाहीर केलं. सहज ओळखता येतील असे पासवर्ड हे त्यातलं एक मुख्य कारण होतं. आमचा पासवर्ड मुलीचं नाव आणि जन्मतारीख होता, तेव्हा फार बोलायला नको.

मग 가족 공유, कुटुंबात वाटणं. तिथे 초대 म्हणजे आमंत्रण दाबलं की एक कोड मिळतो. नाशिकच्या फोनवर आधी आईचं स्वतःचं खातं हवं. खातं काढताना अ‍ॅप 휴대폰 본인인증 मागतं, म्हणजे मोबाइल नंबरवरून ओळख पटवणं, आणि त्याला कोरियन नंबरच चालतो. इथेच वैतागून लोक स्वतःचा पासवर्ड देऊन टाकतात. मीही तेच केलं होतं. त्या पडद्यावर खाली बारीक अक्षरांत 이메일로 가입, ईमेलने नोंदणी, किंवा गूगलचं चिन्ह दिसतं का बघा. आमच्याकडे ईमेलने काम झालं. कोडला मुदत होती, 24 तासांची. त्यामुळे भाऊ घरी असतानाच तो पाठवला. त्याने कोड टाकला की माझ्या फोनवर विचारणा आली: 승인 म्हणजे मंजूर, 거절 म्हणजे नामंजूर.

मंजुरी देताना अधिकार निवडायचा असतो. 관리자 म्हणजे व्यवस्थापक, त्याला अलर्टच्या सेटिंग बदलता येतात आणि कॅमेराही काढून टाकता येतो. 보기 전용 म्हणजे फक्त बघणं. आईला दुसरं दिलं, नवऱ्याला पहिलं. इतके दिवस त्याच्या फोनवर अ‍ॅपच नव्हतं, कारण एकाच आयडीवर दोघं मावत नव्हतो. आता अलर्ट दोघांना येतो आणि न उठण्याचं त्याचं निमित्त गेलं.

‘फक्त बघणं’ दिलं तरी 양방향 음성, दोन्ही बाजूंनी बोलणं, वेगळं बंद करावं लागतं. आमच्याकडे ते आपोआप चालू राहिलं. पहिल्याच रात्री दोन वाजता अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यातून आवाज आला, “सोनूऽऽ, झोपलीस का गं बाळा?” नाशिकला साडेदहा वाजले होते. सोनू झोपली होती, त्यानंतर नव्हती. आईच्या नावावर बोट ठेवून ते बटण 끄기, म्हणजे बंद केलं. तिथेच 알림 받기 म्हणजे सूचना घेणं असतं, तेही तिच्यासाठी बंद ठेवलं. नात रडली की नाशिकमध्ये फोन वाजून काय उपयोग? पाच मिनिटांत तिचा मला फोन येणार, “रडतेय गं ती.”

नंतर 시간대, वेळेचा पट्टा. तो 자동 म्हणजे आपोआप यावर होता, तो सोडून 서울 (GMT+9) पक्का निवडला. आता खातं वेगळं असल्यामुळे आईच्या फोनने फरक पडू नये, पण आम्ही दिवाळीला भारतात गेलो तर काय, म्हणून. तुम्ही कॅमेराच घेऊन भारतात जाणार असाल तर मात्र हे उलटं लावायला विसरू नका.

चुकलेल्या रविवारांच्या ओळी अ‍ॅपने आपणहून सुधारल्या नाहीत. ओळ उघडून 수정, म्हणजे दुरुस्ती, दाबून दोन्ही वेळांत साडेतीन तास मिळवावे लागले. प्रकारही 낮잠 चा 밤잠 केला. सगळ्या केल्या नाहीत, शेवटच्या दोन केल्या. चार ते सहा महिन्यांची सरकारी तपासणी तोंडावर आली होती आणि त्याआधी भरायच्या प्रश्नावलीसाठी आठवड्याचा अंदाज हवा होता, म्हणून. नोंद बरोबर असली तरी ती स्थिर पडून राहिलेल्या बाळाला झोपलेलं धरते आणि दूध पाजायला उचललं की 자리 비움, जागेवर नाही, म्हणून झोप तोडते. डॉक्टरांना मी आकड्यासोबत तेही सांगितलं.

मावसबहिणीचा टॅब पासवर्ड बदलल्यावर बाहेर गेलाच होता. पण भावाने गडबडीत एक कोड त्याच्या स्वतःच्या फोनवरही टाकला होता आणि मी तो मंजूर केला होता. तो काढायला 공유 해제, वाटणं सोडवणं, दाबलं. विचारणा आली: 공유를 취소하시겠습니까? वाटणं रद्द करायचं का? खाली दोन बटणं, 취소 आणि 확인. प्रश्नात 취소, बटणावर 취소, म्हणून मी तेच दाबलं. त्याचा अर्थ ‘रद्द’, पण रद्द होते ती ही चौकट, वाटणं नाही. भाऊ आठवडाभर यादीतच राहिला. काढायचं असेल तर 확인 दाबायचं आणि मग यादी पुन्हा उघडून नाव गेलंय का ते डोळ्यांनी बघायचं.

सगळं झाल्यावर शुक्रवारी एक चाचणी घेतली. माझा फोन लॉक केला, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ठेवला, अर्धा तास हात लावला नाही. मग नवऱ्याच्या फोनवरून रडण्याचा आवाज कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर लावला. वाजला. नाशिकला भावाला अ‍ॅप उघडायला सांगितलं आणि परत तेच केलं, मधे 알림 간격 ची पाच मिनिटं जाऊ देऊन. तेव्हाही वाजला. त्यानंतर तीन शनिवार झाले, रविवारच्या ओळी 오후 8 ते 9 च्या दरम्यान सुरू होतायत.

गेल्या आठवड्यात आईने नवा फोन घेतला आणि अ‍ॅप परत मागितलं. तिच्या ईमेलचा पासवर्ड तिला आठवेना, म्हणून भावाने नवीन खातं काढलं, मी नवीन कोड दिला. जुन्या नावावर 공유 해제 आणि 확인, नव्या नावावर 보기 전용, 양방향 음성 बंद. आणि तिच्याकडून डायरीचं ते पान फाडून घेतलं, फोटो काढून पाठव म्हटलं तर फाडलेल्या तुकड्यांचा फोटो आला.